धडा : दुरुस्तीच्या घरभेटींची वेळ कशी लावायची?



मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत एक तक्रार आली होती. आपल्या दुरुस्ती सेवेला फोन केला, ताई येणार म्हणून एक सदस्या अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून घरी थांबली, आणि ताई वेळेवर आलीच नाही. शेवटी ती कुलूप लावून रानात गेली. ताई पोहोचली तेव्हा दाराला कुलूप. मशीन तसंच बंद, इकडे मजुरी गेली आणि तिकडे पेट्रोल गेलं.

बैठकीत दोघींचीही बाजू ऐकली. दुरुस्तीवाली ताई कामाला पक्की आहे. फोन घेणारी ताईही वही नीट ठेवते. मग चुकलं कुठे? त्या दिवसाचं पान घेऊन आम्ही तिघी बसलो आणि एकेक मिनिट लिहून काढलं. चूक कामात नव्हती, वेळ लावण्यात होती. दोघी म्हणाल्या, आमची चूकही लिही, फक्त नावं नको. म्हणून हा धडा. तुमच्या गटात कोणी शिलाई मशीन, घरघंटी, पंखे, मिक्सर दुरुस्तीला घरोघर जात असेल किंवा तिचे फोन घेत असेल, तर हे पान वही-पेन घेऊन वाचा.

त्या दिवशी काय झालं

आपलं कार्यालय बाजारगावात. ताई स्कूटीवर फिरते. त्या दिवशी पाच कामं होती आणि फोन ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने वेळ दिली होती, ती पण एकेक तासाच्या अंतराने :

10 वाजता – फाट्यावरचं गाव, शिलाई मशीन टाके सोडतंय
11 वाजता – धरणाकडचं गाव, घरघंटी सुरू होत नाही
12 वाजता – पुन्हा फाट्यावरचं गाव, मशीनचा पट्टा बदलायचा
1 वाजता – वाडी, मशीनची मोटर गरम होते
2 वाजता – बाजारगाव, मशीनमध्ये धागा अडकतोय

कागदावर किती छान दिसतं बघा. तासाला एक काम. पण यात ताई एका घरातून दुसऱ्या घरात उडत जाणार असं धरलंय! रस्त्यासाठी एक मिनिटही ठेवलेलं नाही.

आता खरं काय झालं ते बघू. ताई पावणेदहाला निघाली, 10 ला फाट्यावर पोहोचली. काम, मग टाके घालून दाखवणं, पावती, पैसे, कपभर चहा असं करून निघाली 10.55 ला. धरणाचं गाव तिथून 10 किलोमीटर, रस्ता वळणाचा, 25 मिनिटं लागतात. पोहोचली 11.20 ला, म्हणजे 20 मिनिटं उशीर. घरघंटीला 70 मिनिटं गेली, 12.30 झाले. आता पुन्हा मागे फाट्यावर यायचं. पोहोचली 12.55 ला, 55 मिनिटं उशीर. पट्ट्याचं काम करून 1.30 ला निघाली. फाट्यावरून वाडी म्हणजे धरणाचं गाव ओलांडून पुढे, 40 मिनिटं. वाडीत पोहोचली 2.10 ला. वेळ दिली होती 1 ची. दाराला कुलूप. शेजारी विचारण्यात, फोन लावण्यात 20 मिनिटं गेली आणि शेवटी बाजारगावात 3 वाजता पोहोचली. तिथेही एक तास उशीर. जेवणाचा डबा पिशवीत तसाच.

एक गोष्ट लक्षात घ्या. ताई कुठेच रेंगाळली नाही. पहिल्या घरी ती अगदी ठोक्याला हजर होती. तरीही उशीर 20, मग 55, मग 70 मिनिटं असा वाढतच गेला. उशीर असाच असतो. पहिल्या घरचा उशीर दुसऱ्या घरी जातो, दुसऱ्याचा तिसऱ्या घरी, आणि सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते दुपारच्या घरांना.

आधी दोन वेळा मोजा : कामाची आणि रस्त्याची

कामाची वेळ म्हणजे पाना-पेचकस हातात असतो तेवढीच नाही. स्कूटी दारात उभी केली तिथपासून पुन्हा स्कूटीला किल्ली लावली तिथपर्यंतची सगळी वेळ. त्यात मशीन मोकळं करणं, घरातल्या ताईचं ऐकून घेणं, चालवून दाखवणं, पावती, सुट्टे पैसे शोधणं, सगळं येतं. चहाला नाही म्हणता येत नाही हेही खरंच आहे. त्यामुळे तोही मोजा.

मग कोणत्या कामाला किती मिनिटं धरायची? अंदाजाने धरू नका, वहीत बघा. आपल्या वहीत आधीच्या पाच घरघंट्यांना 55, 60, 65, 70 आणि 90 मिनिटं लागली होती. यातला सगळ्यात कमी आकडा धरला तर रोज उशीर होणार. सगळ्यात जास्त म्हणजे 90 धरला तर दिवसात कामंच कमी बसणार. म्हणून पाचपैकी चार वेळा पुरेल असा आकडा धरायचा. इथे तो 70 आहे. पाचव्या वेळी जे जास्त लागेल त्यासाठी दिवसात वेगळी मोकळी वेळ ठेवायची, ती पुढे सांगते.

रस्त्याची वेळ किलोमीटरवरून काढू नका. डांबरी रस्त्यावर 6 किलोमीटरला आपल्या ताईला 15 मिनिटं लागतात. धरणाच्या गावाहून वाडी फक्त 3 किलोमीटर, पण कच्चा रस्ता, तिथेही 15 मिनिटंच लागतात. पावसाळ्यात तर त्याच 15 ची 25 होतात. मोबाईलच्या नकाशात जी मिनिटं दिसतात ती रस्त्याची असतात. हत्यारांची पेटी बांधणं, वाडीत घर शोधणं, गोठ्यामागून वळसा घालणं त्यात धरलेलं नसतं. एकदा प्रत्यक्ष जाऊन दार ते दार किती लागलं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आठ-दहा गावांची अशी यादी झाली की पुढे प्रत्येक वेळी तीच वापरायची.

फोनवर पाच गोष्टी विचारा

वेळ चांगली लागते ती फोनवर. फोन आला की लगेच "उद्या 11 ला येते" म्हणायचं नाही. आधी हे विचारायचं.

पहिलं, यंत्र कोणतं आणि नेमकं काय होतंय. "मशीन बिघडलंय" एवढ्यावर वेळ लावता येत नाही. टाके सोडतंय, धागा तुटतोय, जड फिरतंय की फिरतच नाही? घरघंटी असेल तर आवाजच येत नाही, की गुंगुं आवाज येतो पण फिरत नाही? आवाज येऊन फिरत नसेल तर बहुतेक वेळा कपॅसिटरचं काम निघतं. आपल्याकडे बरेच मिस्त्री त्याला कंडेन्सर म्हणतात. तो पेटीत आहे का हे निघायच्या आधी बघता येतं. सुटा भाग नसल्यामुळे दुसऱ्यांदा जावं लागलं तर एका कामाला दोन फेऱ्या होतात.

याच वेळी एखादी फेरी वाचूही शकते. घरघंटीचं दार नीट लागलं नाही तर बऱ्याच घरघंट्या सुरूच होत नाहीत, कारण दाराला सुरक्षेचा स्विच असतो. टाके सोडणाऱ्या मशीनमध्ये अनेकदा सुई वाकलेली किंवा उलटी बसवलेली असते. "ताई, दार दाबून लावून बघा", "नवीन सुई नीट बसवून बघा, मग सांगा" एवढ्यावर काम झालं तर चांगलंच. पण कोणालाही फोनवरून यंत्र उघडायला सांगायचं नाही.

दुसरं, घराची खूण. गाव आणि आडनाव पुरत नाही, एकाच वाडीत एका आडनावाची वीस घरं असतात. "मारुतीच्या देवळामागे, निळं गेट" असं लिहा. तिसरं, दुसरा फोन नंबर, शेजारणीचा किंवा घरच्यांचा. रानात रेंज नसते.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : "ताई, तुम्ही घरी कधी नसता?" आपण नेहमी विचारतो की कधी येऊ. समोरची म्हणते, या कधीपण. कारण तिला वाटतं की आपल्या सोयीने वागायला हवं. मग ती मजुरी सोडून बसते. वाडीच्या सदस्येला आम्ही नंतर विचारलं तेव्हा कळलं की ती सकाळची निंदणी करून रोज दीडपर्यंत घरी येतेच. तिला 1 ऐवजी 2 ची वेळ दिली असती तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालीच नसती. कुणी विचारलंच नाही!

पाचवं, "उशीर झाला तर चालेल, की त्यानंतर कुठे जायचंय?" याचं उत्तर वहीत लिहून ठेवा. दिवस बिघडतो तेव्हा याच एका रकान्यावर निर्णय घ्यावा लागतो.

घरघंटी किंवा मोटरचं काम असेल तर लाईट कधी नसते तेही विचारून घ्या. लाईट नसताना पट्टा बदलता येतो, पण घरघंटी चालवून दाखवता येत नाही.

आता तोच दिवस पुन्हा लावू

कामं तीच पाच. फक्त तीन गोष्टी बदलू.

एक, क्रम फोनचा नाही, रस्त्याचा. फाट्यावरची दोन्ही कामं एकापाठोपाठ, मग धरण, मग वाडी, मग वाडीहून बाजारगावच्या रस्त्याने परत. एक गोल फेरा. आधीच्या क्रमाने रस्त्यात 135 मिनिटं जात होती. गोल फेऱ्यात 90 जातात. फक्त क्रम बदलून 45 मिनिटं हातात आली.

दोन, मोकळी वेळ. दुपारी जेवणासह 40 मिनिटं आणि शेवटच्या कामाआधी 20 मिनिटं. या वेळेत कोणतंही काम लिहायचं नाही. "40 मिनिटं रिकामी दिसतात, एक छोटं काम बसवू" असा मोह होतो. बसवू नका. ही वेळ रिकामी नाही, पाचव्या घरघंटीसाठी राखलेली आहे.

तीन, वेळ ठोक्याची नाही, "पासून-पर्यंत" अशी द्यायची. ठोक्याची वेळ फक्त दिवसाच्या पहिल्या घराला देता येते, कारण तिच्या आधी उशीर करणारं कोणी नसतं. पुढच्या घरांना जसजसा दिवस पुढे जाईल तसतसा पल्ला मोठा द्यायचा.

बघा कसा दिवस दिसतो :

फाटा, पहिलं घर – पोहोचणार 10.00, काम 55 मिनिटं. सांगायची वेळ : 10 ते सव्वादहा
फाटा, दुसरं घर – रस्ता 5 मिनिटं, पोहोचणार 11.00, काम 35 मिनिटं. सांगायची वेळ : पावणेअकरा ते साडेअकरा
धरण – रस्ता 25 मिनिटं, पोहोचणार 12.00, काम 70 मिनिटं. सांगायची वेळ : पावणेबारा ते पाऊण
जेवण आणि मोकळी वेळ – 1.10 ते 1.50
वाडी – रस्ता 15 मिनिटं, पोहोचणार 2.05, काम 50 मिनिटं. सांगायची वेळ : पावणेदोन ते 3
बाजारगाव – रस्ता 30 मिनिटं, मोकळी वेळ 20 मिनिटं, पोहोचणार 3.45, काम 40 मिनिटं. सांगायची वेळ : सव्वातीन ते पावणेपाच

पहिल्या घराला 15 मिनिटांचा पल्ला, मग 45, मग 60, मग 75, आणि शेवटच्या घराला 90 मिनिटांचा. "दीड तासाचा पल्ला ऐकून बाई चिडणार नाही का?" असं फोनवाल्या ताईने विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता. म्हणून सोबत एक वाक्य बोलायचं : "निघताना अर्धा तास आधी फोन करते, तोपर्यंत तुमचं काम चालू द्या." तिला कळलं की फोन येईपर्यंत उंबरठ्यावर बसायचं नाही, मग पल्ला मोठा असला तरी चालतो. पण मग तो फोन गेलाच पाहिजे. एकदा चुकला की पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

बाजारगावचं घर शेवटी का, हेही सांगते. ते कार्यालयापासून सगळ्यात जवळ. दिवस फारच बिघडला आणि काहीतरी उद्यावर टाकावं लागलं, तर जवळचं घर उद्या सकाळी पहिलं घेता येतं. वाडी शेवटी ठेवली आणि राहिली, तर पुन्हा 12 किलोमीटरची फेरी पडते.

तरीही उशीर झाला तर?

होणारच. नवीन पद्धतीने दिवस लावल्यावर पहिल्याच आठवड्यात झाला. गावं तीच होती, वेळा जवळपास याच. धरणाच्या गावातली घरघंटी उघडली तर कपॅसिटर ठीक निघाला. बेअरिंग पीठ जाऊन जाम झालं होतं. अजून 50 मिनिटं लागणार.

इथे एक नियम ठेवलाय : यंत्र उघडल्यापासून 20 मिनिटांच्या आत ताईने फोनवाल्या ताईला सांगायचं, ठरल्या वेळेत होईल की जास्त लागेल. काम संपल्यावर नाही, कळल्याबरोबर. ताईने 12.20 ला फोन केला. त्यामुळे फोनवाल्या ताईकडे विचार करायला दीड तास होता.

तिने वही उघडून हिशेब केला. काम 1.10 ऐवजी 2.00 ला संपेल. मोकळी वेळ 40 ची 20 केली, म्हणजे डबा खाऊन 2.20 ला निघणार. वाडीत 2.35 ला. वाडीला सांगितलेली वेळ 3 पर्यंतची. म्हणजे 50 मिनिटांचा उशीर झाला, तरी दिलेला शब्द मोडला नाही. तरीसुद्धा तिने वाडीला फोन केला : "ताई, आपली वेळ तीच आहे, पण अडीचच्या पुढेच येईल. तोवर तुमचं काम उरका." ज्या घरी वेळ पाळली जाणार आहे त्या घरीही हा फोन करावा, कारण वाट बघणारीला पल्ल्याच्या सुरुवातीची वेळ लक्षात राहते, शेवटची नाही.

मग दुसरं विघ्न आलं. वाडीचं काम करून ताई 3.25 ला निघाली तर स्कूटी पंक्चर. वाडीत दुकान नाही. किमान 45 मिनिटं. पुन्हा हिशेब : 4.10 ला निघणार, 30 मिनिटं रस्ता, बाजारगावात 4.40. दुसरी मोकळी वेळ इथे पूर्ण संपली. शब्द पावणेपाचचा होता. कागदावर पाच मिनिटं शिल्लक होती. पण पंक्चरवाला किती वेळ लावेल हे आपल्या हातात नाही. पाच मिनिटांच्या भरवशावर कोणाला थांबवायचं नाही. अशा वेळी वेळ हुकणार असंच धरायचं आणि वेळ हुकण्याआधी फोन करायचा.

फोनवाल्या ताईने 3.40 ला फोन लावला. काय बोलली ते लिहून देते, कारण इथे शब्द महत्त्वाचे आहेत : "ताई, गाडी पंक्चर झालीय. पावणेपाचला पोहोचणं नक्की नाही. दोन वेळा देते, तुम्ही निवडा. आज पावणेपाच ते सव्वापाच, नाहीतर उद्या सकाळी साडेनऊला पहिलं तुमचंच घर." त्या ताईला दुसऱ्या दिवशी ब्लाऊज द्यायचे होते. तिने आज निवडलं. ताई 4.50 ला पोहोचली आणि साडेपाचला काम संपलं.

बघा, या फोनमध्ये "येतेच आहे", "पाच मिनिटांत", "निघालीय बहुतेक" असं काही नाही. हे शब्द आपण समोरचीला बरं वाटावं म्हणून बोलतो, पण त्यामुळे ती घरात अडकून पडते. कारण एका वाक्यात, मग नवी वेळ, मग निवड तिची. एवढंच.

आणि मोकळी वेळही संपली, कोणाला तरी पुढे ढकलावंच लागतंय, असं झालं तर? तेव्हा पाचवा रकाना बघा. "उशीर चालेल" म्हणणाऱ्या घराला आधी विचारायचं. जिने मजुरी सोडलीय, जिला दवाखान्यात जायचंय, जिचं एकदा आधीच हुकलंय, तिला हलवायचं नाही. मोठ्या आवाजात भांडणाऱ्या घराला आधी आणि गप्प बसणाऱ्या घराला नंतर, असं नकळत होत असतं. वहीत लिहिलेलं असलं की ते होत नाही.

मधेच नवीन तातडीचा फोन आला तरी हाच विचार. घर त्या दिवसाच्या फेऱ्यावर असेल आणि मोकळी वेळ अजून वापरली नसेल तरच घ्या. नाहीतर स्वच्छ सांगा की त्या बाजूला आपण अमुक वारी येतो, तेव्हा पहिलं घर तुमचं.

वहीत दोन रकाने वाढवा

आपल्या वहीत गाव, खूण, दोन फोन, यंत्र, तक्रार, दिलेली वेळ, "कधी नसते" आणि "उशीर चालेल का" हे असेल. त्यात आणखी दोन रकाने आखा : "खरी पोहोचली" आणि "खरी निघाली". ताईने दर घरी मोबाईलचं घड्याळ बघून हे दोन आकडे लिहायचे. फक्त एवढंच.

महिनाअखेर दोघींनी बसून बघायचं. एखाद्या गावाला दर वेळी दहा मिनिटं जास्त लागत असतील तर शेवटच्या पानावरची रस्त्याची वेळ बदला. पट्ट्याच्या कामाला 35 ऐवजी 50 लागत असतील तर तो आकडा बदला. दुपारची मोकळी वेळ आठवड्यात रोजच संपत असेल, तर दिवसात एक काम जास्त घेताय असं समजा. आपल्या ताईच्या फेऱ्यात कच्चे रस्ते आहेत, म्हणून दिवसाला पाचच्या वर काम घ्यायचं नाही असं आता ठरलंय. तुमची गावं जवळ असतील तर सहा बसतील, डोंगरात असतील तर तीनच. हा आकडा दुसऱ्या प्रभागाकडून उसना घेता येत नाही.

गटात करून बघा

पुढच्या बैठकीत हे गणित सोडवा. ताई 10 वाजता पहिल्या घरी पोहोचली. तिथे काम 55 मिनिटं. दुसरं घर 20 मिनिटांवर, काम 40 मिनिटं. तिसरं घर त्यापुढे 25 मिनिटांवर. तिसऱ्या घरातली सदस्या म्हणते, "मला 1 ला बालवाडीतून नातीला आणायला जायचंय, अर्ध्या तासात परत येते." तिसऱ्या घरी 50 मिनिटांचं काम आहे. तिला कोणती वेळ द्याल?

आधी स्वतः मांडा, मग पुढे वाचा. दुसऱ्या घरी ताई 11.15 ला पोहोचेल, 11.55 ला निघेल, तिसऱ्या घरी 12.20 ला. 50 मिनिटं धरली तर 1.10 होतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी नातीला उशीर होणारच. मग जेवणाची वेळ तिसऱ्या घराआधी घ्या आणि तिला "दीड ते सव्वादोन" सांगा. ज्या गटाने "12.20 ला जाऊन पटकन उरकू" असं उत्तर दिलं असेल, त्यांनी हा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचा!

तुमच्या दुरुस्ती सेवेच्या वहीतलं एक पान, जिथे दिवस बिघडला होता असं, पुढच्या क्षेत्रभेटीला माझ्यासाठी काढून ठेवा. आपण मिळून तो दिवस पुन्हा लावून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक